रिलीज नोट्समध्ये नको ते येतं आणि हवं ते राहून जातं: क्लोज तिकिटांच्या यादीची दुरुस्ती

लक्षण ओळखीचं आहे. रिलीज तयार होतो, जिरामधून त्या व्हर्जनची क्लोज झालेली तिकिटं एका क्लिकवर निघतात, शीर्षकं जरा साफसूफ करून ती रिलीज नोट्स म्हणून ग्राहकांना जातात. मग दोन-चार दिवसांत दोन तऱ्हेचे फोन सुरू होतात. "तुम्ही लिहिलंय ते आमच्याकडे दिसतच नाही," हा एक. "हे बदललं तर आधी सांगायचं नाही का?" हा दुसरा. पुढच्या वेळी यादी अधिक काळजीने वाचली जाते, आणखी एक माणूस तपासायला बसतो, आणि फोन तरीही येतात.

आम्ही इलेक्ट्रिकल सामानाच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. ते ग्राहकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालतं, त्यामुळे अपग्रेड करायचा की नाही हे तो रिलीज नोट्स वाचूनच ठरवतो. गेली काही वर्षं रिलीजचं काम माझ्याकडे आहे. हा त्रास बराच काळ सोसल्यावर मला कळलं की चूक यादी वाचण्यात नव्हती, यादी कुठून काढतो त्यात होती. तिकीट क्लोज झालं याचा अर्थ एवढाच, की ज्याच्याकडे काम होतं त्याने ते हातावेगळं केलं. रिलीज नोट्सला मात्र दुसऱ्याच दोन गोष्टी कळायला हव्या असतात. हे काम या बिल्डमध्ये खरोखर आहे का? आणि त्यामुळे ग्राहकाच्या वाट्याला काही वेगळं येणार आहे का? पहिल्याचं उत्तर गिटमध्ये असतं, दुसऱ्याचं ते काम करणाऱ्याच्या डोक्यात. तिकिटाच्या स्टेटसमध्ये यातलं एकही नसतं.

आधी यादी बिल्डशी जुळते का ते पाहा

कुठली नोंद दाखवायची याची चर्चा इथे सुरूच करू नका. आधी यादी खरी करा. जिरामधून काढताना स्टेटससोबत रिझोल्यूशनही बघावं लागतं. डुप्लिकेट म्हणून बंद केलेलं आणि "करणार नाही" म्हणून बंद केलेलं तिकीटसुद्धा Done मध्येच जाऊन बसतं.

```
project = BILL AND fixVersion = "4.12.0"
  AND statusCategory = Done AND resolution = Done
```

याच क्वेरीतला शेवटचा भाग बदलून `resolution is EMPTY` असं एकदा नक्की चालवा. वर्कफ्लोच्या एखाद्या वाटेवर रिझोल्यूशन भरायचं राहून गेलं असेल, तर तिकीट बोर्डवर पूर्ण झालेलं दिसतं, पण वरच्या क्वेरीत येत नाही. आमच्या "थेट QA कडून बंद" या एका बटणाच्या मागे असंच होत होतं आणि त्या वाटेने गेलेलं प्रत्येक तिकीट नोट्समधून गळत होतं.

मग तोच प्रश्न गिटला विचारायचा. मागच्या टॅगपासून या टॅगपर्यंतच्या कमिटमध्ये कुठकुठले तिकीट क्रमांक आहेत?

```
git log --format=%B v4.11.0..v4.12.0 \
  | grep -oE 'BILL-[0-9]+' | sort -u > git.txt
tr -d '\r' < jira.csv | grep -oE '^BILL-[0-9]+' | sort -u > jira.txt
comm -23 jira.txt git.txt   # फक्त जिरामध्ये
comm -13 jira.txt git.txt   # फक्त गिटमध्ये
```

जिरामधून एक्स्पोर्ट करताना तिकीट क्रमांकाचा रकाना पहिला ठेवा, म्हणजे मधली ओळ चालेल. `tr` चा तुकडा गाळू नका. तुम्ही फाइल वेगळ्या पद्धतीने काढत असाल आणि `comm` सगळीच्या सगळी तिकिटं वेगळी दाखवत असेल, तर बहुतेक वेळा ओळीच्या शेवटी विंडोजचं न दिसणारं अक्षर राहिलेलं असतं. दोन्ही फाइली एकाच मशीनवर, एकाच `sort` ने लावलेल्या असणंही गरजेचं आहे. एक आकड्यांच्या क्रमाने आणि दुसरी अक्षरांच्या क्रमाने लावली तर `comm` चुकीचं उत्तर देतं.

4.12.0 च्या वेळी काय निघालं ते सांगतो. जिराच्या यादीत ४७ तिकिटं होती, गिटमध्ये ४४. दोन्हीकडे असलेली ३८. म्हणजे ९ फक्त जिरामध्ये आणि ६ फक्त गिटमध्ये.

फक्त जिरामध्ये असलेल्या ९ पैकी ३ तिकिटांचा कोड रिलीजची ब्रँच वेगळी काढल्यानंतर मुख्य ब्रँचमध्ये मर्ज झाला होता. काम झालं होतं, तिकीट क्लोज होतं, पण हा बिल्ड घेणाऱ्याला त्यातलं काहीच मिळणार नव्हतं. "आमच्याकडे दिसतच नाही" हा फोन नेमका या तिकिटांमुळे येतो. दोन तिकिटं बिल्डमध्ये होती, पण स्क्वॉश मर्ज करताना कमिटच्या संदेशातून क्रमांक उडाला होता. क्रमांक फक्त ब्रँचच्या नावात होता आणि ब्रँच मर्जनंतर पुसली गेली. उरलेल्या चारांना मुख्य रिपॉझिटरीत कोडच नव्हता. त्यांतली तीन मी सोडून दिली. चौथं इन्स्टॉलरच्या वेगळ्या रिपॉझिटरीतल्या एका सेटिंगचं होतं. काही न करता बसलं तर लॉगिन ३० ऐवजी १५ मिनिटांत संपणार होतं. मुख्य कोडमध्ये त्याची एक ओळही नव्हती, आणि काउंटरवर बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी जाणवणारा बदल तोच होता. म्हणून "गिटमध्ये नाही, काढून टाका" असं आपोआप करू नका. या बाजूची यादी छोटी असते, ती डोळ्यांनीच वाचा.

फक्त गिटमध्ये असलेल्या ६ पैकी दोघांवर `fixVersion` लावायचं राहिलं होतं. ते नोट्समध्ये यायलाच हवे होते. तीन तिकिटं आधीच 4.11.2 या हॉटफिक्समधून ग्राहकांपर्यंत पोचली होती. इथे बरेच जण `v4.11.2..v4.12.0` असं लिहून पाहतात आणि ती तिकिटं तरीही यादीत येतात, तेव्हा गोंधळतात. कारण साधं आहे. चेरी-पिक केलेला कमिट हॉटफिक्सच्या ब्रँचवर नवा हॅश घेऊन जन्मतो, मूळ कमिट मुख्य ब्रँचवर वेगळ्या हॅशने तसाच असतो, आणि गिटच्या दृष्टीने तो 4.11.2 मध्ये नाहीच. हॅशच्या मागे लागू नका. `v4.11.0..v4.11.2` मधले तिकीट क्रमांक काढा आणि ते या यादीतून वजा करा.

सहावं तिकीट रिव्हर्ट केलेलं होतं. रिव्हर्टच्या कमिटमध्ये मूळ शीर्षक जसंच्या तसं येतं, म्हणून `grep` ला तो क्रमांक दोनदा सापडतो आणि काम बिल्डमध्ये आहे असं वाटतं. दर वेळी हे वेगळं चालवून बघा, कारण दोन्हीकडे जुळलेल्या ३८ मध्येही असं एखादं लपू शकतं:

```
git log --oneline --grep='^Revert' v4.11.0..v4.12.0
```

हिशेब असा झाला: ३८, अधिक क्रमांक उडालेली २, अधिक व्हर्जन न लावलेली २, अधिक इन्स्टॉलरचं १. या बिल्डमध्ये खरोखर असलेली ४३ तिकिटं. पहिल्यांदा हे करायला मला अर्धा दिवस लागला. आता स्क्रिप्टमुळे पंधरा-वीस मिनिटं लागतात.

तिकिटाच्या प्रकारावरून गाळलं की नेमकं महत्त्वाचं गळतं

४३ पैकी ग्राहकाला काय दाखवायचं? इथे सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तो उपाय म्हणजे तिकिटाचा प्रकार: "स्टोरी" आणि "बग" दाखवा, "टेक्निकल टास्क" लपवा. आम्हीही तेच करत होतो, आणि 4.10.0 मध्ये त्याची किंमत मोजली.

त्या रिलीजमध्ये एका टेक्निकल टास्कचं शीर्षक होतं: राउंडिंगचा कोड एका जागी आणणे. वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली पैशांची गणितं एका फंक्शनमध्ये आली, कोड खरंच नीट झाला. पण जुना कोड अर्धा पैसा नेहमी वर नेत होता, आणि नवं फंक्शन पायथनच्या `decimal` वर होतं, ज्याची मूळ पद्धत अर्धा पैसा जवळच्या सम अंकाकडे नेते. ६२.५० रुपयांच्या मालावर ९ टक्के सीजीएसटी ५.६२५ येतो. जुन्या पद्धतीत त्याचे ५.६३ व्हायचे, नव्या पद्धतीत ५.६२. एसजीएसटीतही तेच, म्हणजे एका ओळीमागे २ पैसे कमी. अशा २५ ओळींचं बिल असेल तर ५० पैसे होतात, आणि रुपयाला पूर्ण केलेली एकूण रक्कम १ रुपयाने बदलू शकते.

रुपया कोणी मागत नव्हतं. पण व्यापाऱ्याच्या हिशेबनिसाकडे महिनाअखेरीला त्याच मालाची दोन बिलं वेगळ्या कराची निघाली, आणि त्याने दोन दिवस स्वतःची चूक शोधण्यात घालवले. आमच्या सपोर्टप्रमुखांना आम्ही सगळे ताईच म्हणतो. त्या प्रिंट घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "अरे, बदल चूक की बरोबर ते तुम्ही बघा. पण हा माणूस तीन वेळा फोन करून विचारतोय, आणि मला उत्तर द्यायला कागदावर एक ओळ नाही." मी यादी काढून दाखवली. ओळ होती, पण अंतर्गत म्हणून आम्हीच ती गाळली होती.

तिकिटाचा प्रकार काम करणाऱ्याच्या बाजूने लावलेला असतो. त्याच्या दृष्टीने ते कोड आवरणंच होतं. म्हणून आता आम्ही प्रकार बघतच नाही. प्रत्येक तिकिटाला पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारतो.

ग्राहकाला अपग्रेडच्या आधी किंवा नंतर स्वतः काही करावं लागणार आहे का? उत्तर हो असेल तर नोंद सगळ्यात वर जाते, मग काम कितीही किरकोळ असो.

त्याने काही न करता त्याच्यासमोर वेगळा आकडा, वेगळी फाइल, वेगळा पडदा, वेगळी परवानगी किंवा वेगळा वेळ येणार आहे का? फाइल हा शब्द मुद्दाम घातला आहे. एक्स्पोर्टमधला रकाना एक घर सरकला की आमचं काहीच मोडत नाही, पण ग्राहकाने त्या फाइलवर उभी केलेली एक्सेलची सूत्रं मोडतात.

बग असेल तर तो आधी बाहेर गेलेल्या एखाद्या व्हर्जनमध्ये होता का? या प्रश्नाने आमची यादी बरीच हलकी केली. नवं वैशिष्ट्य बनताना त्यातच सापडलेले आणि त्याच रिलीजमध्ये दुरुस्त झालेले बग ग्राहकाने कधी पाहिलेलेच नसतात. ते नोट्समध्ये लिहिले की वाचणाऱ्याला वाटतं, आपल्या सध्याच्या व्हर्जनमध्ये ही चूक आहे, आणि तो ती शोधत बसतो. अशी तिकिटं वेगळी काढायला:

```
project = BILL AND fixVersion = "4.12.0" AND issuetype = Bug
  AND affectedVersion in releasedVersions(BILL)
```

यात आलेले बग बाहेर गेलेल्या व्हर्जनमधले. दोन गोष्टी सांभाळा. 4.12.0 ला जिरामध्ये "रिलीज झालं" अशी खूण करण्याच्या आधी ही क्वेरी चालवा. नंतर चालवली तर 4.12.0 सुद्धा बाहेर गेलेल्या व्हर्जनमध्ये मोजली जाते आणि गाळणीच नाहीशी होते. दुसरं, `affectedVersion` रिकामं असलेला बग या क्वेरीत येत नाही, पण तो नवाच आहे असं काही त्यावरून ठरत नाही. `affectedVersion is EMPTY` ची यादी वेगळी काढून ज्याने दुरुस्ती केली त्यालाच विचारा.

आमच्या ४३ मधले ११ बग असे घरातच जन्मलेले आणि घरातच गेलेले निघाले. १५ तिकिटांचा ग्राहकाशी खरोखर संबंध नव्हता: टेस्ट, बिल्डची स्क्रिप्ट, लॉगमधले संदेश. ३ तिकिटं अशा सोयीची होती जी फ्लॅगमागे बंद ठेवली होती. ती जेव्हा उघडेल त्या वेळच्या नोट्समध्ये येतील, आत्ता नाही. यासाठी तिकिटावर एक लेबल लावून ठेवा, कारण फ्लॅग उघडण्याच्या दिवशी ते तिकीट कोणत्याच नव्या व्हर्जनच्या यादीत येणार नसतं. उरलेली १४. त्यांतली ६ मिळून एकच गोष्ट होती, अनेक बिलांची एकदम छपाई, म्हणून तिची एकच नोंद झाली. १४ तिकिटांच्या ९ नोंदी. पूर्वी याच रिलीजला आम्ही ४७ तिकिटांच्या यादीपासून सुरुवात केली असती.

उत्तर ज्याच्याकडे आहे त्याला वेळेवर विचारा

ग्राहकाच्या वाट्याला काय वेगळं येणार हा प्रश्न रिलीजच्या आदल्या संध्याकाळी विचारला तर उत्तर मिळत नाही. सहा आठवड्यांपूर्वी केलेल्या कामाने कुठला आकडा हलला हे कोणाला आठवत नाही. कुबरनेटीस प्रकल्पात यावर कडक नियम आहे. प्रत्येक पुल रिक्वेस्टच्या वर्णनात `release-note` असा एक ठोकळा भरावा लागतो, सांगण्यासारखं काही नसेल तर त्यात `NONE` लिहावं लागतं. तो रिकामा सोडला तर बॉट `do-not-merge/release-note-label-needed` हे लेबल लावतो आणि मर्ज अडतो.

आम्ही तीच अट जिरामध्ये तिकीट Done ला नेतानाच्या स्क्रीनवर घातली. एक सक्तीचा रकाना: "ग्राहकाला काय वेगळं दिसेल?" सुरुवातीला तिथे हो-नाहीची खूण ठेवली होती, ती पंधरा दिवसांत निरुपयोगी झाली. घाईत सगळे "नाही" दाबत होते. आता वाक्य लिहावं लागतं, आणि "काही नाही" लिहायचं असेल तर पुढे कारण द्यावं लागतं. "काही नाही, फक्त टेस्ट बदलल्या" हे पटतं. "काही नाही, राउंडिंगचा कोड हलवला" असं लिहिलेलं रिव्ह्यू करणाऱ्याने वाचलं की तो थांबतो आणि विचारतो, हलवला म्हणजे उत्तर तेच येतं का? 4.10.0 मध्ये हा प्रश्न विचारायला कोणाला जागाच नव्हती.

माणसाच्या लक्षातूनही निसटतं. त्यासाठी आम्ही चाचणीच्या डेटामधली ५०० जुनी बिलं मागच्या आणि नव्या अशा दोन्ही बिल्डवर चालवतो आणि तयार झालेल्या फाइली एकमेकींशी ताडून बघतो. जिथे फरक आहे तिथे त्याची नोंद नोट्समध्ये असायला हवी. फरक आहे आणि नोंद नाही, तर एक तर नोंद राहिली आहे किंवा तो फरक कोणालाच नको होता. या तपासणीला मर्यादा आहे. ती आकडे आणि फाइली पकडते, परवानग्या आणि पडदे पकडत नाही.

वाक्य तिकिटाचं नको

निवडलेल्या नोंदीचं शीर्षक तसंच चिकटवू नका. 4.12.0 मधलं एक तिकीट होतं: `NPE in LedgerExportJob when GSTIN is null`. ग्राहकाला पाठवलेली नोंद अशी होती: "ज्या पार्टीचा जीएसटीआयएन भरलेला नाही तिचा खातेउतारा एक्सेलमध्ये काढताना काम मध्येच थांबत होतं. आता उतारा पूर्ण निघतो आणि तो रकाना रिकामा राहतो. 4.9.0 पासूनच्या सर्व व्हर्जनमध्ये ही अडचण होती." कोणाला, काय करताना, काय व्हायचं, आता काय होतं, आणि कधीपासून. शेवटचं वाक्य गाळू नका. आपल्याला हे लागू आहे का, ते ग्राहक त्यावरून ठरवतो. शीर्षकांमध्ये ग्राहकांची नावं असतात, तीही इथेच काढा. "अमुक ट्रेडर्सकडचा प्रॉब्लेम" असं तिकीट सपोर्टच्या सोयीचं असतं, ते दुसऱ्या ट्रेडर्सच्या हातात जायला नको.

सुरक्षेची दुरुस्ती लपवायची नाही, पण ती कशी वापरता येते तेही लिहायचं नाही. आमचे ग्राहक आपापल्या वेळेने अपग्रेड करतात, त्यामुळे नोट्स प्रसिद्ध झाल्या तरी जुनी व्हर्जन बरेच आठवडे चालू असतात. कुठल्या व्हर्जनना धोका आहे, किती गंभीर आहे, आणि अपग्रेड होईपर्यंत काय बंद ठेवावं, एवढं सगळ्यात वर येतं. कारणाचा तपशील नंतर देतो.

पाठवण्याआधी मसुदा ताई वाचतात, डेव्हलपर नाही. त्या प्रत्येक ओळीपुढे एकच गोष्ट लिहितात: यावर फोन आला तर मी काय सांगू? ज्या ओळीपुढे त्यांना काही लिहिता येत नाही ती ओळ परत येते. रिलीजनंतरचे दोन आठवडे सपोर्टच्या प्रत्येक तिकिटावर "नोट्समध्ये होतं" किंवा "नोट्समध्ये नव्हतं" असं लेबल लागतं. "नव्हतं" आलं की ती नोंद त्याच दिवशी, "नंतर जोडली" असं लिहून आणि तारीख टाकून, त्याच व्हर्जनच्या नोट्समध्ये घालतो. आधीची वाक्यं गुपचूप बदलत नाही, कारण कोणीतरी त्यांची प्रिंट काढून फाइलला लावलेली असते.